सलाईनची उंची

सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्याच्या जनरल वॉर्डात एक गोष्ट रोज घडते. सलाईनचे थेंब मंदावलेले दिसतात. शेजारी बसलेला भाऊ किंवा मुलगा उठतो आणि पिशवी स्टँडच्या वरच्या आकड्याला अडकवतो. थेंब खरोखर भरभर पडू लागतात, तो समाधानानं परत बसतो. कधी याच्या उलटही होतं. पेशंट संडासला जाताना पिशवी हातात धरून चालतो, आणि परत येईपर्यंत नळीत हातभर रक्त चढलेलं असतं. घाबरून सिस्टरला हाक मारली जाते. या दोन्ही घटनांमागचं कारण एकच आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. साध्या सलाईनला ना मोटर असते, ना पंप. शिरेत पाणी ढकलण्याचं सगळं काम पिशवीची उंची करते.

उंचीतून दाब कसा निर्माण होतो हे आधी पाहू. पाण्याचा उभा स्तंभ आपल्या वजनानं खाली दाब देतो. हा दाब स्तंभ किती जाड यावर ठरत नाही, फक्त किती उंच यावर ठरतो. म्हणून सलाईनची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक असली तरी फरक पडत नाही. पिशवीतल्या द्रवाची पातळी पेशंटपेक्षा एक मीटर वर असेल, तर खालच्या टोकाला पाऱ्याच्या साधारण ७४ मिलिमीटरइतका दाब मिळतो. ब्लड प्रेशरचे १२०, ८० हे आकडे ज्या मापात सांगतात, तेच हे माप. म्हणजे एक मीटर उंचीची पिशवी ८० या खालच्या आकड्यालाही पुरी पडत नाही. मग ती शरीरात पाणी घालते कशी?

कारण सलाईन रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून जोरानं रक्त नेणाऱ्या वाहिनीत लावत नाहीत. ते शिरेत लावतात. शिरेतलं रक्त सगळं शरीर फिरून, जोर ओसरून परत चाललेलं असतं. आडव्या पडलेल्या माणसाच्या हातातल्या शिरेत दाब फार थोडा असतो, साधारण दहा सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. तेवढ्यावर मात करायला मीटरभर उंची भरपूर होते. रोहिणीचं बळ केवढं असतं हे स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानं १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. त्यानं एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक वर चढलं. रक्ताचा दाब उंचीनं मोजण्याची ही सुरुवात. आजही हातात सुई घालताना ती चुकून रोहिणीत गेली, तर सलाईन आत जायच्या ऐवजी लालभडक रक्त ठोके देत नळीत वर येतं, आणि अनुभवी सिस्टर ते पाहताच सुई काढून घेते.

तर ढकलणारं बळ म्हणजे पिशवीची उंची वजा शिरेतला दाब. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं हिशेबानं उलगडतं.

आता वेगाकडे येऊ. डॉक्टर केस पेपरवर लिहितात, पाचशे मिलिलिटर चार तासांत. वॉर्डात घड्याळ आहे आणि ड्रिप चेंबर आहे, म्हणजे नळीच्या वरच्या टोकाची ती पारदर्शक कुपी, जिच्यात थेंब पडताना दिसतात. आपल्याकडच्या नेहमीच्या सेटमध्ये वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. पाचशे मिलिलिटर म्हणजे दहा हजार थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. दहा हजाराला २४० नं भागलं की मिनिटाला ४१-४२ थेंब येतात. सिस्टर घड्याळ चेंबरशेजारी धरते, नळीवरचं छोटं चाक अंगठ्यानं वरखाली करते आणि थेंब मोजते. गर्दीच्या वेळी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. लहान मुलांसाठी मायक्रो सेट असतो, त्यात थेंब बारीक, साठ थेंबांचं एक मिलिलिटर. त्याचा फायदा असा की मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिलिलिटर, भागाकार करावाच लागत नाही. मात्र एका सेटचा आकडा दुसऱ्या सेटवर लावला तर औषध थेट तिप्पट किंवा एक तृतीयांश जातं. म्हणून सेटच्या पाकिटावर छापलेला थेंबांचा आकडा आधी वाचायचा असतो.

ते चाक नेमकं काय करतं? नळी दाबून तिचं तोंड अरुंद करतं. हातातल्या गुलाबी कॅन्युलातून, म्हणजे वीस गेजच्या, मीटरभर उंचीच्या दाबाखाली मिनिटाला साधारण साठ मिलिलिटर पाणी जाऊ शकतं. आपल्याला हवं आहे फक्त दोन मिलिलिटर. म्हणजे हातातली सुई जवळजवळ मोकळीच आहे, आणि पिशवीच्या उंचीनं दिलेला जवळपास सगळा दाब त्या चाकाखालच्या चिमटलेल्या जागेत खर्च होतो. चाक तसंच ठेवलं तर ती जागा तेवढीच अरुंद राहते, आणि मग वेग सरळ त्या बळाच्या प्रमाणात राहतो. बळ दुप्पट झालं तर थेंब दुप्पट, बळ निम्मं झालं तर थेंब निम्मे.

एक पेशंट घेऊन हा हिशेब पूर्ण करू. पलंगावर आडवा माणूस आहे. गादी आणि छातीची जाडी धरून त्याचं हृदय जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर आहे. स्टँडवर मऊ पिशवी आहे आणि तिच्यातल्या द्रवाची पातळी जमिनीपासून १६५ सेंटीमीटरवर आहे. मधली उंची ९०. त्यातून शिरेच्या दाबाचे १० वजा केले की ढकलणारं बळ ८० सेंटीमीटर. या स्थितीत सिस्टरनं मिनिटाला ४२ थेंब लावले आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली.

मुलानं पिशवी वीस सेंटीमीटर वर चढवली. बळ ८० वरून १०० झालं. थेंब ४२ चे ५२-५३ झाले. चार तासांची पिशवी आता सव्वातीन तासांच्या आतच संपेल.

आता दुसरी गोष्ट. पिशवी आपल्या जागी आहे, पण जेवण आलं म्हणून पेशंट पलंगावर उठून बसला. त्याचं हृदय जमिनीपासून १०५ सेंटीमीटरवर आलं. पिशवी हललेली नाही, चाक हललेलं नाही. पण मधली उंची ९० ची ६० झाली, बळ ५० झालं, आणि थेंब २६ वर आले. तोच माणूस स्टँड ढकलत संडासकडे निघाला तर उभ्या माणसाचं हृदय साधारण १२५ सेंटीमीटरवर असतं. उंची ४० उरली, बळ ३०, थेंब सोळाच्या आसपास. आणि स्टँड न नेता त्यानं पिशवी काढून हातात धरली, ती छातीच्या पातळीला आली, तर मधली उंची शून्य होते आणि शिरेतला दहा सेंटीमीटरचा दाबच मोठा ठरतो. आता प्रवाह उलटा सुरू होतो. नळीत रक्त चढतं ते असं. त्यात लगेच घाबरण्यासारखं काही नसतं, पिशवी उंच धरली की ते परत आत जातं. पण ते तिथे बराच वेळ राहिलं तर कॅन्युलाच्या टोकाशी गोठतं, मग सलाईन बंद पडतं आणि पेशंटला दुसरी सुई खावी लागते. पेशंटबरोबर जाणाऱ्यानं पिशवी त्याच्या डोक्याच्या वर धरावी, इतकंच.

मी वर प्रत्येक वेळी हृदयापासून उंची मोजली, हातापासून नाही. हे मुद्दाम केलं, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पेशंटचा हात पलंगाखाली लोंबला की हात आणि पिशवी यांमधलं अंतर वाढतं, मग थेंब वाढायला हवेत असं वाटतं. पण वाढत नाहीत. लोंबणारा हात फूटभर खाली गेला की हृदयापासून हातापर्यंतचा रक्ताचा स्तंभही फूटभर लांबतो, आणि हातातल्या शिरेतला दाब तेवढाच वाढतो. म्हणूनच लोंबत्या हातावरच्या शिरा फुगलेल्या दिसतात. एकीकडे जे मिळालं ते दुसरीकडे गेलं. शिरा फुगून भरेपर्यंत काही क्षण थेंब जरा घाईनं पडतात आणि मग पूर्वीच्या वेगावर येतात. हात डोक्यावर घेतला तर मात्र हिशेब निराळा होतो. हृदयाच्या वर गेलेल्या हातातली शीर रिकामी होऊन चपटी पडते. तिच्यातला दाब शून्यापर्यंत उतरतो, त्याखाली सहसा जात नाही. मग पिशवी आणि हात यांमधलंच अंतर मोजावं लागतं, आणि ते कमी झालेलं असल्यानं थेंब थोडे मंदावतात.

या सगळ्यातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग पुढचा आहे, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. आपला पेशंट जेवायला उठून बसला होता, आठवतं ना. जेवण झालं, नातेवाईक भेटायला आले, तो उशीला टेकून तासभर बसून राहिला. थेंब २६ होते. फेरीवर आलेल्या सिस्टरला पिशवी मागे पडलेली दिसली. तिनं चाक थोडं सैल केलं आणि नियमाप्रमाणे ४२ थेंब मोजून लावले. तिनं सगळं बरोबर केलं. पण ते ४२ थेंब बसलेल्या माणसाचे आहेत, पन्नास सेंटीमीटर बळाचे. दिवे मालवले, पेशंट आडवा झाला, बळ ८० झालं आणि थेंब ६७ झाले. आता रात्र आहे, पेशंट झोपला आहे, थेंब कुणी पाहत नाही, आणि सलाईन ठरल्यापेक्षा दीडपटीहून अधिक वेगानं जात आहे.

तरुण, धडधाकट, जुलाबानं सुकलेल्या माणसाला यानं फारसा फरक पडत नाही. त्याची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी काढून टाकतात. पण ज्याचं हृदय थकलं आहे किंवा मूत्रपिंड नीट चालत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ते पाणी साठतं आणि फुप्फुसात उतरतं. पहाटे तो दम लागून उठून बसतो, आडवं पडवत नाही, खोकला येतो. त्याहून गंभीर गोष्ट पोटॅशियमची. पिशवीत पोटॅशियम क्लोराईडचा एक अँप्युल मिसळला असेल, तर त्यात वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. साध्या वॉर्डात हातातल्या शिरेतून ते ताशी दहापेक्षा जास्त जाऊ देऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. चार तासांच्या वेगानं ते ताशी पाच जातं, ६७ थेंबांनी ताशी आठ. तेवढं चालून जातं. पण कुणी नातेवाईकानं, लवकर संपावं म्हणून, चाक पूर्ण सैल केलं, तर पिशवी पंधरा-वीस मिनिटांत रिकामी होऊ शकते. त्या वेगानं आत जाणारं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, थांबवूही शकतं. अशा पिशवीवर औषधाची चिठ्ठी चिकटवलेली असते ती याचसाठी. चिठ्ठी असलेल्या पिशवीच्या चाकाला आणि आकड्याला घरच्यांनी हात लावू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

पेशंट लाकडासारखा स्थिर पडून राहिला तरी वेग आपोआप बदलतो, त्याची दोन कारणं आहेत. मऊ पिशवी रिकामी होत जाते तशी तिच्यातली पातळी उतरते. भरलेल्या आणि संपत आलेल्या पिशवीत पंधरा सेंटीमीटरचा फरक धरला, तर बळ ८० चं ६५ होतं आणि ४२ थेंबांचे ३४ राहतात. कडक प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीचं असं होत नाही, जर हवा आत यायची वाट सेटच्या टोचणीतूनच असेल. तिथे बाहेरची हवा बाटलीच्या तोंडाशी बुडबुड्यांनी आत शिरते, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब नेमका त्या बिंदूवर असतो आणि वरची पातळी कितीही उतरली तरी त्या बिंदूची उंची तीच राहते. सतराव्या शतकातल्या एदम मारिओत या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या नावानं अशी बाटली ओळखली जाते. बाटलीच्या वर आलेल्या बुडात सुई खुपसून हवा घेतली, तर हा गुण जातो, आणि वॉर्डातली हवा थेट आत येत असल्यानं जंतूंचा धोका वाढतो तो वेगळाच.

दुसरं कारण नळीचं. चाकाखाली चेपलेलं प्लॅस्टिक सुरुवातीचा काही वेळ हळूहळू आपला आकार बदलत राहतं, आणि ती चिमटलेली जागा थोडी कमीजास्त होते. म्हणून सलाईन लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थेंब पुन्हा मोजायचे असतात. पेशंटनं कूस बदलली, बसला, चालून आला, की पुन्हा मोजायचे.

उंचीची ताकद जिथे संपते, तीही जागा पाहायला हवी. ती दिसते पटकीच्या रुग्णात. पटकीत माणूस काही तासांत कित्येक लिटर पाणी गमावतो. नाडी लागत नाही, डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते. मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्ग असा आहे की किलोमागे शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेट तीन तासांत द्यायचं, त्यातलं किलोमागे तीस मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात. पन्नास किलोच्या बाईला अर्ध्या तासात दीड लिटर. म्हणजे मिनिटाला पन्नास मिलिलिटर, हजार थेंब. हे मोजता येत नाहीत, चेंबरमध्ये धारच लागते.

आता चाक पूर्ण उघडं आहे, त्याचा अडथळा संपला. प्रवाह अडवणारी गोष्ट उरली ती हातातली सुई आणि लांब नळी. झ्याँ पॉइझ्वी या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा नाही, सोळावा हिस्सा होतो. तोकड्या कॅन्युलात फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण मोठाच असतो. निळ्या, बावीस गेजच्या कॅन्युलावर मिनिटाला साधारण ३५ मिलिलिटर छापलेलं असतं, हिरव्या अठरा गेजच्या कॅन्युलावर ९० च्या आसपास. ही मापं फक्त कॅन्युलाची, प्रयोगशाळेत घेतलेली. लांब सेट जोडला की प्रत्यक्षात त्याहून कमी जातं. आता पिशवी खिडकीच्या गजाला बांधून साठ सेंटीमीटर आणखी वर नेली तर बळ ८० चं १४० होईल, पावणेदोन पट. निळी कॅन्युला काढून हिरवी घातली तर अडीच पट. दोन्ही हातांना दोन हिरव्या घातल्या तर पाच पट. म्हणून अशा रुग्णाजवळ जाणकार डॉक्टर आधी स्टँडकडे पाहत नाही, हात पकडून जाड शीर शोधतो. फारच घाई असेल तर पिशवीभोवती रबरी पट्टा गुंडाळून तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत फुगवतात. हा दाब उंचीत मोजला तर चार मीटर भरतो, म्हणजे वॉर्डाच्या छताहून वर टांगलेली पिशवी.

शिरेतून खारं पाणी देऊन पटकीचा माणूस वाचवता येतो हे दाखवणारा पहिला डॉक्टर थॉमस लाटा. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात त्यानं एका मरणासन्न म्हातारीला शिरेतून मीठपाणी दिलं. त्याच्याकडे टांगलेली पिशवी नव्हती, पिचकारी होती. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक पाणी त्यानं ढकललं. म्हातारी शुद्धीवर आली, हातपाय गरम झाले. मग जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. लाटाचं अर्ध्या तासाचं काम आजच्या पहिल्या अर्ध्या तासापेक्षाही वेगवान होतं. कमी पडलं ते त्यानंतरचे तास, आणि ते तास हात न थकता सांभाळायचं काम पुढे टांगलेल्या पिशवीनं केलं.

सलाईन बंद पडलं की वॉर्डात काय पाहतात तेही याच हिशेबानं समजतं. आधी पिशवी आणि चाक. मग नळी कुठे पेशंटच्या अंगाखाली दबली आहे का, कोपर किंवा मनगट वाकलं आहे का. त्याच हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला आहे का, कारण तो १५० पर्यंत फुगला की ७४ चा दाब त्याच्यापुढे टिकत नाही, थेंब थांबतात आणि रक्त नळीत उलटं येतं. पट्टा सोडला की सगळं पूर्ववत. मग सुईची जागा. तिथे सूज असेल, कातडी ताणलेली आणि गार लागत असेल, तर सुई शिरेबाहेर आली आहे आणि पाणी मांसात साठत आहे. मांसातला दाब वाढत जातो आणि उंचीचं बळ हळूहळू संपतं, म्हणून थेंब एकदम न थांबता मंद होत जातात. अशा वेळी पिशवी वर चढवणं हा सर्वात वाईट उपाय, कारण त्यानं सूज वाढते. जुन्या सिस्टर पिशवी क्षणभर हाताच्या खाली नेऊन पाहतात. नळीत रक्त आलं तर सुई शिरेत असल्याची ती खूण. रक्त नाही आलं तर मात्र सुई बाहेरच आहे असं म्हणता येत नाही, टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलंही असू शकतं. सूज मात्र फसवत नाही, सूज दिसली की सुई काढायची.

शेवटची भीती हवेची. पिशवी रात्री संपली आणि कुणाला जाग आली नाही, तर हवा शिरेत जाईल का, हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात रोज विचारला जातो. हातातल्या सलाईनमध्ये सहसा जात नाही. पिशवी मऊ असेल तर ती चपटी होते आणि थांबते. हवा घेणारी बाटली असेल तर नळीतलं पाणी खाली उतरत जातं, पण उतरता उतरता त्याची उंचीही कमी होते. हृदयाच्या वर दहा सेंटीमीटरवर पाणी आलं की त्याचं बळ आणि शिरेचं बळ सारखं होतं आणि ते तिथेच उभं राहतं. हवा पुढे ढकलायला कुणी उरत नाही. तरीही नळी भरलेली असतानाच पिशवी बदलावी, कारण थांबलेल्या नळीत टोकाशी रक्त गोठतं आणि नवी पिशवी जोडली की नळीतली हवा तिच्या दाबानं आत ढकलली जाऊ शकते. म्हणून ती आधी काढून टाकायची असते.

मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला मात्र हे लागू नाही. माणूस बसला की मान हृदयाच्या वर येते, आणि त्यानं खोल श्वास घेतला की छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. अशा वेळी नळीचं तोंड उघडं राहिलं तर हवा ढकलावी लागत नाही, ती आत ओढली जाते. म्हणून मानेतली नळी काढताना पेशंटला सपाट निजवतात, जमेल तर डोकं पायांपेक्षा खाली घेतात, श्वास रोखून धरायला सांगतात, आणि नळी बाहेर येताक्षणी त्या जागेवर बोटानं दाब देऊन हवा आत जाणार नाही अशी पट्टी लावतात.